सरासरी खरेदीची, नफा शेवटच्या भावाचा

३१ डिसेंबर २००७ रोजी निफ्टी ६१३९च्या आसपास बंद झाला. बाजार तेजीत होता आणि आठवडाभरातच तो आणखी वर गेला. मग जानेवारी संपायच्या आत घसरण सुरू झाली. सप्टेंबर २००८मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बुडाली आणि नोव्हेंबर २००८च्या अखेरीस निफ्टी २७५५वर आला होता. म्हणजे अकरा महिन्यांत निम्म्याहून खाली. पुढचे काही महिने तो तिथेच घुटमळला, मार्च २००९पासून चढू लागला आणि ३१ डिसेंबर २००९ला ५२०१वर थांबला. सुरुवातीच्या पातळीपेक्षा तो तेव्हाही १५ टक्के खालीच होता.

एखाद्याने नेमकी त्या ३१ डिसेंबरलाच दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी सुरू केली असती तर? दोन वर्षं, २४ हप्ते, दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी. हिशेब सोपा राहावा म्हणून असं धरू, की त्याच्या फंडाच्या एका युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, निफ्टीच्या शंभराव्या भागाइतकी आहे. निफ्टी ६१३९ तर एनएव्ही ६१.३९ रुपये. लाभांश, फंडाचा खर्च वगैरे बाजूला ठेवू. खऱ्या इंडेक्स फंडाचे आकडे थोडे वेगळे येतील, पण चित्र हेच राहील.

पहिल्या हप्त्यात त्याला ८१.४५ युनिट मिळाले. फंडात युनिटचे तुकडेही मिळतात, तीन दशांश स्थळांपर्यंत. जून २००८मध्ये त्याच ५,००० रुपयांना जवळपास १२४ युनिट आले आणि नोव्हेंबरमध्ये १८१. पैसे तेवढेच आणि वस्तू दुपटीहून जास्त. ऑक्टोबर २००८ ते मार्च २००९ या सहा महिन्यांत त्याने एकूण रकमेचा चौथा हिस्सा भरला, पण एकूण युनिटांपैकी एक तृतीयांशाहून जास्त युनिट त्याच्या पदरात याच सहा महिन्यांत पडले.

चोवीस हप्त्यांनंतर त्याचे १ लाख २० हजार गेले आणि खात्यात सुमारे २,९९७ युनिट जमले. भागाकार केला तर एका युनिटची सरासरी खरेदी किंमत ४०.०४ रुपये येते. ३१ डिसेंबर २००९ला एनएव्ही ५२.०१ रुपये, म्हणजे त्याच्या युनिटांची किंमत जवळपास १ लाख ५६ हजार. हेच १ लाख २० हजार त्याने पहिल्याच दिवशी एकरकमी टाकले असते तर दोन वर्षांनी १ लाख २ हजारांच्याही आतच उरले असते. बाजार सुरुवातीच्या पातळीला परत आलाच नाही, तरी हप्त्याने भरणारा ३६ हजारांच्या फायद्यात होता.

फायदा दिसायला त्याला डिसेंबरची वाटही पाहावी लागली नाही. एप्रिल २००९पर्यंत त्याची सरासरी ३७.८० रुपयांपर्यंत उतरली होती. मे महिन्यात लोकसभेचा निकाल लागला आणि १८ मे रोजी निफ्टीने एका दिवसात १७ टक्क्यांहून मोठी उडी मारली. व्यवहार थांबवावे लागले होते त्या दिवशी. महिनाअखेरीस एनएव्ही ४४.४९वर होती आणि आपला माणूस नफ्यात आला होता. निफ्टी त्या वेळीही त्याच्या पहिल्या हप्त्याच्या पातळीपेक्षा २७ टक्के खाली होता. त्याला ६१ रुपयांची गरजच नव्हती. बाजार ३८च्या वर आला की त्याचं काम होत होतं.

हे कसं घडतं ते कळायला पेट्रोल पंपावर उभं राहावं. एक जण दर वेळी 'पाच लिटर टाका' म्हणतो, दुसरा 'पाचशेचं टाका' म्हणतो. एका खेपेला भाव ८० रुपये आणि पुढच्या खेपेला १२० रुपये असला, तर पहिल्याला दहा लिटरचे हजार रुपये पडतात, म्हणजे लिटरला १००. दुसऱ्याला आधी सव्वासहा लिटर मिळतं, मग चार लिटर आणि थोडं वर. हजार रुपयांत सुमारे १०.४२ लिटर, म्हणजे लिटरला ९६ रुपये. त्याने भावाचा काही अंदाज बांधलेला नाही, कुणाला विचारलेलंही नाही. रक्कम ठरलेली असल्यामुळे भाव उतरला की माल आपोआप जास्त आणि भाव चढला की माल आपोआप कमी. स्वस्तात घेतलेल्या मालाचं पारडं जड होतं आणि सरासरी त्या बाजूला झुकते.

गणिताच्या पुस्तकात याला हरात्मक मध्य म्हणतात. ठरावीक रकमेने केलेल्या खरेदीची सरासरी त्या त्या दिवसांच्या भावांच्या साध्या सरासरीपेक्षा नेहमी कमीच निघते. भाव सगळ्या दिवशी एकच असेल तरच दोन्ही सारखे. आपल्या उदाहरणात चोवीस महिनाअखेरींच्या भावांची साधी सरासरी ४२.३० रुपये येते आणि त्याला पडलेली किंमत ४०.०४. भाव जितके वरखाली होतील तितकं हे अंतर वाढतं, बाजार शांत असेल तर ते नगण्य होतं.

इथे पुष्कळांची एक गल्लत होते, आणि एसआयपी विकणाऱ्यांनाही ती सोयीची असते. भावांच्या सरासरीपेक्षा कमी किमतीला घेतलं म्हणजे फायदा झाला, असं सहज वाटून जातं. पण साध्या सरासरीने विकत कोण घेणार आहे तुमच्याकडून? युनिट विकले जातात ते विकायच्या दिवशीच्या भावाने. तुमची सरासरी ४० असो की ३०, तो भाव २७ असेल तर तोटाच.

म्हणून त्याच बाजारातला दुसरा माणूस पाहायला हवा. याने तीच ५,००० रुपयांची एसआयपी तेरा महिने आधी, नोव्हेंबर २००६अखेर सुरू केली. तेव्हा निफ्टी ३९५५च्या घरात होता. बाजार एकूणात चढत गेला, तसे याला कमी कमी युनिट मिळत गेले. तेजीच्या शिखरावर, डिसेंबर २००७मध्ये, सुरुवातीला १२६ मिळत होते तिथे ८१ मिळाले. मग घसरण आली आणि ऑक्टोबर २००८ला त्याचे चोवीस हप्ते पुरे झाले.

याचीही सरासरी खरेदी किंमत भावांच्या साध्या सरासरीपेक्षा कमीच होती, ४५.३२ ऐवजी ४४.०९. सूत्राने आपलं काम चोख केलं. पण नोव्हेंबर २००८अखेर एनएव्ही होती २७.५५. त्याच्या १ लाख २० हजारांचे ७५ हजार झाले होते. आणखी बोचरी गोष्ट म्हणजे पहिल्याच दिवशी सगळी रक्कम एकरकमी टाकणाऱ्याकडे त्याच दिवशी सुमारे ८३,६०० रुपये शिल्लक होते. एसआयपीवाल्याचं नुकसान एकरकमीवाल्यापेक्षा मोठं ठरलं, कारण त्याचे बरेचसे हप्ते चढ्या भावाला गेले होते.

दोघांची पद्धत एक, रक्कम एक, हप्ते तेवढेच. फरक एवढाच, की पहिल्याच्या वाट्याला दरी आली, आधी उतार आणि मग चढ. दुसऱ्याच्या वाट्याला टेकडी आली, आधी चढ आणि मग उतार. दरीत स्वस्त हप्ते मधे पडतात आणि शेवटचा भाव वर असतो. टेकडीत महाग हप्ते मधे पडतात आणि शेवटचा भाव खाली. सरासरी खरेदीवर चालते, ती शेवटच्या भावाला हात लावू शकत नाही.

दुसऱ्या माणसाची गोष्ट नोव्हेंबर २००८ला संपत नाही, निदान संपायची गरज नव्हती. त्याने तसेच हप्ते चालू ठेवले असते तर पुढचे तेरा हप्ते दरीत पडले असते. डिसेंबर २००९अखेर त्याचे १ लाख ८५ हजार भरून झाले असते आणि किंमत २ लाख ३३ हजारांच्या वर गेली असती. टेकडीनंतर दरी आली आणि दोन्ही मिळून हिशेब जुळला. पण त्याला नोव्हेंबर २००८मध्येच मुलीच्या प्रवेशासाठी पैसे काढायचे असते तर? तेव्हा सरासरीचं सूत्र त्याला काही देणार नव्हतं. म्हणून एसआयपी किती वर्षांची असावी याहून पैसे नेमके कधी लागणार आहेत हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेच्या दोनतीन वर्षं आधीपासून जमलेली रक्कम थोडी थोडी करून कमी जोखमीच्या फंडात किंवा मुदत ठेवीत हलवावी लागते. ते काम एसआयपी करत नाही, ते वेगळं करावं लागतं.

बाजार सरळ चढत गेला तर काय होतं? २०१७ साल साधारण तसं होतं. डिसेंबर २०१६अखेर निफ्टी ८१८६ होता आणि वर्षअखेर १०,५३१, मधे मोठी घसरण अशी नाहीच. त्या बारा महिन्यांत ५,०००च्या बारा हप्त्यांचे ६० हजार वर्षअखेर सुमारे ६७ हजार झाले असते. तेच ६० हजार सुरुवातीला एकदम टाकणाऱ्याचे ७७ हजार. एसआयपीवाल्याची सरासरी दर महिन्याला वर सरकत होती, कारण प्रत्येक नवा हप्ता तोवरच्या सरासरीपेक्षा महाग पडत होता. चढत्या बाजारात सरासरी काढणं म्हणजे महाग होत जाणारी वस्तू हप्त्याहप्त्याने घेणं. बाजार दीर्घकाळात वर जातो असं मानत असाल, तर हातात असलेले पैसे हप्त्यांत विभागून ठेवण्याची ही किंमत आहे, आणि ती मान्य करायला हवी.

अर्थात ही तुलना पगारदार माणसावर थोडी अन्यायाची आहे. त्याच्या हातात पहिल्या दिवशी ६० हजार नसतातच, ५,००० येतात ते दर महिन्याच्या पगारातून. त्याच्यासाठी एसआयपी हा एकरकमीला पर्याय नसून मिळेल तसं गुंतवत जाण्याचा मार्ग आहे. प्रश्न खरा उभा राहतो तो निवृत्तीची रक्कम किंवा घर विकून आलेले पैसे हातात असतात तेव्हा. अशा वेळी हप्ते पाडले तर मोठ्या घसरणीची धास्ती कमी होते, पण सरासरी परतावा वाढेल अशी खात्री त्यात नाही.

आणखी एक मर्यादा आहे, जी पहिल्या दोनतीन वर्षांत जाणवत नाही. पंधराव्या महिन्यात ५,०००चा नवा हप्ता म्हणजे एकूण भरलेल्या रकमेचा पंधरावा भाग. त्या हप्त्यात युनिट स्वस्त मिळाले की सरासरी डोळ्यांना दिसेल एवढी उतरते. दहा वर्षांनी चित्र बदलतं. तोवर ६ लाख भरून झालेले असतात, त्यांची किंमत आणखी जास्त असते आणि नवा हप्ता एक टक्काही नसतो. त्या वर्षी बाजार ३० टक्के पडला तर घसरण सगळ्या जमलेल्या रकमेला लागते आणि स्वस्तात मिळणारा नवा माल एवढासाच असतो. सरासरीचं संरक्षण नव्या एसआयपीला जास्त मिळतं, जुन्या एसआयपीला जवळजवळ मिळत नाही. पंधरा वर्षं एसआयपी चालू आहे म्हणून आता घसरणीची भीती नाही, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्याकडे आधी जमलेला नफा घसरण सोसायला असतो हे खरं, पण ते श्रेय सरासरीचं नव्हे.

हे सूत्र एका शेअरला लावणंही धोक्याचं. निफ्टीसारख्या निर्देशांकात पन्नास कंपन्या असतात. कमकुवत झालेली बाहेर जाते, दुसरी आत येते. एकाच कंपनीचा शेअर घसरतोय म्हणून 'ॲव्हरेज करतोय' म्हणत घेत राहिलं आणि कंपनीच बुडाली तर शेवटचा भाव शून्याकडे जातो. शून्याशी गाठ पडली की सरासरी दोन रुपये असली काय आणि दोनशे असली काय, सारखंच.

आता पहिल्या माणसाकडे परत जाऊ, पण फेब्रुवारी २००९मध्ये. पंधरा हप्ते झालेत, ७५ हजार गेलेत आणि खात्यात दिसतायत ५३,६००. टीव्हीवर रोज वाईट बातम्या. घरचे विचारतायत, 'बंद का करत नाहीस?' बरेच जण बंद करतात ते इथेच, आणि सूत्र बिघडतं तेही इथेच. बंद करण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत मोठा फरक आहे. हप्ते थांबवले पण युनिट तसेच ठेवले, तर डिसेंबर २००९ला त्या ७५ हजारांचे १ लाखाच्या थोडे वर झाले असते. हुकले ते पुढचे नऊ हप्ते, त्यांतले पहिले दोन तरी ऐन स्वस्ताईतले. पण घाबरून युनिट विकून टाकले, तर २१ हजारांचा तोटा कायमचा पक्का. सरासरी कमी होत होती ती स्वस्त हप्त्यांमुळे, आणि स्वस्त हप्ते वाट्याला येतात तेव्हाच खात्यात तोटा दिसत असतो. त्या महिन्यांत हात आखडला की मागे उरतात ते फक्त महागाचे हप्ते.

काही वेळा एसआयपी आपण बंद करत नाही, ती आपोआप बंद होते. बँकेला दिलेल्या मँडेटनुसार हप्त्याच्या दिवशी रक्कम वळती होते. खात्यात पैसे नसले तर हप्ता परत जातो आणि बँक दंड लावते. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते असे गेले की फंड ती एसआयपी रद्द करतो. नोकरी गेलेली असते, पगार थांबलेला असतो, आणि मंदीत हे दोन्ही होण्याची शक्यता जास्त, म्हणजे नेमकी बाजार स्वस्त असतानाच. तीनचार महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम बचत खात्यात वेगळी ठेवली तर हा प्रसंग टळतो. त्यामानाने हप्त्याची तारीख ५ ठेवावी की २५, यावर होणाऱ्या चर्चेत फारसं तथ्य नाही. अनेक वर्षांच्या हिशेबात तारखेने पडणारा फरक नगण्य असतो. पगार जमा झाल्यावर दोनतीन दिवसांनी कुठलीही तारीख चालते.

शेवटी, मोबाइलवरच्या त्या आकड्याबद्दल. बहुतेक ॲपमध्ये 'ॲव्हरेज कॉस्ट' दिसते आणि नफा त्यावरून काढलेला असतो. प्राप्तिकर खातं मात्र सरासरी मानत नाही. विक्रीच्या वेळी सर्वांत आधी घेतलेले युनिट आधी विकले, असं धरलं जातं, आणि प्रत्येक हप्त्याचं वय वेगळं मोजलं जातं. आपल्या पहिल्या माणसाचं उदाहरण आजच्या नियमाने पाहू. डिसेंबर २००९ला त्याने फक्त पहिल्या हप्त्याचे ८१.४५ युनिट विकले असते तर ॲपने ४०.०४च्या सरासरीवरून सुमारे ९७५ रुपयांचा नफा दाखवला असता. करासाठी मात्र ते युनिट ६१.३९ला घेतलेले आणि ५२.०१ला विकलेले, म्हणजे सुमारे ७६४ रुपयांचा तोटा. उलट सगळेच युनिट विकले असते तर शेवटच्या वर्षभरातले हप्ते बारा महिन्यांच्या आतले ठरून त्यांच्या नफ्यावर अल्पकालीन दराने, म्हणजे सध्या २० टक्के, कर लागला असता. त्याहून जुन्या युनिटांच्या नफ्याला वर्षाला सव्वा लाखापर्यंत सूट आहे आणि त्यापुढे साडेबारा टक्के. त्यामुळे एसआयपी दोन वर्षांपूर्वी सुरू केली म्हणून सगळी रक्कम दोन वर्षं जुनी, असं धरून चालत नाही. पैसे काढण्याआधी फंडाकडून भांडवली नफ्याचं स्टेटमेंट मागवलं, तर त्यात प्रत्येक हप्त्याची तारीख, भाव आणि वय ओळीने दिलेलं असतं.